टीव्हीवर गोळी उशिरा का सुटते?

'काउंटर-स्ट्राइक २'मधली एके-४७ मिनिटाला ६०० गोळ्या झाडते, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांना एक. डोक्यात बसली तर एकच पुरते. दोन खेळाडू एकाच कोपऱ्यावर समोरासमोर आले आणि एकाला चित्रच १०० मिलिसेकंद उशिरा दिसत असेल, तर त्याची पहिली गोळी सुटेपर्यंत समोरच्याची दुसरी सुटलेली असते. अशा वेळी शिव्या इंटरनेटला पडतात. पण गेम हॉलमधल्या टीव्हीवर चालू असेल, तर हा उशीर खुद्द टीव्हीचाच असण्याची शक्यता बरीच असते.

टीव्ही मालिका, सिनेमा आणि क्रिकेटसाठी घडवलेला असतो. आलेली प्रत्येक फ्रेम तो आधी नीटनेटकी करतो: दाणेदारपणा काढतो, कमी रेझोल्यूशनचं चित्र ताणून पडद्याएवढं करतो, रंग उजळतो. सगळ्यांत वेळखाऊ काम म्हणजे हालचाल मऊ करणं. त्यासाठी टीव्ही दोन फ्रेमच्या मधली, प्रत्यक्षात नसलेली फ्रेम स्वतः रचतो. ती रचायची तर पुढची फ्रेम हातात यायला हवी, म्हणून तो आधीची अडवून ठेवतो. सेकंदाला ६० फ्रेम येत असतील तर एक फ्रेम अडवली की जवळपास १७ मिलिसेकंद गेले, आणि बऱ्याचदा एकापेक्षा जास्त अडवल्या जातात. सामना बघताना हे कळतही नाही, कारण आवाजही तेवढाच उशिरा सोडलेला असतो आणि बघणाऱ्याच्या हातात बॅट नसते. गेममध्ये मात्र सुरुवात हाताने होते. हात हलला आणि पडद्यावर काही झालं, यातलं अंतर लगेच जाणवतं.

चित्र टीव्हीत शिरल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतच्या या वेळेला इनपुट लॅग म्हणतात. नेहमीच्या पिक्चर मोडमध्ये तो ५० पासून १०० मिलिसेकंदांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतो. त्याच टीव्हीवर गेम मोड लावला की यातली बरीचशी प्रक्रिया बंद होते आणि चांगल्या टीव्हीचा आकडा ६० हर्ट्झवर १० ते १५ वर येतो. ६० हर्ट्झचा पडदा वरून खाली रंगवत जायलाच सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे पडद्याच्या मध्यावर, जिथे नेमबाजाची नजर असते, तिथे चित्र पोहोचायला कुठल्याही परिस्थितीत आठएक मिलिसेकंद जाणारच. १० मिलिसेकंदांच्या टीव्हीने स्वतःहून वाया घालवलेत ते जेमतेम दोन. ६० हर्ट्झचा मॉनिटर याहून फार काही वेगळं करू शकत नाही.

तेव्हा मॉनिटर घ्यायला निघण्याआधी रिमोट हातात घ्यावा. गेम मोड बहुतेक टीव्हींत पिक्चर मोडच्या यादीत असतो, काहींत जनरल सेटिंगमध्ये लपलेला. अनेक टीव्ही प्रत्येक एचडीएमआय पोर्टची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतात. एका पोर्टवर गेम मोड लावला आणि केबल दुसऱ्यात खोचली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नव्या टीव्हींत आणि कन्सोलमध्ये ऑटो लो लेटन्सी मोड असतो, त्यामुळे गेम सुरू होताच टीव्ही आपोआप बदलतो. तरीही एकदा डोळ्यांनी खात्री केलेली बरी.

खात्री करायला स्लो-मोशन असलेला फोन पुरतो. २४० फ्रेमच्या मोडमध्ये माउसवरचं बोट आणि टीव्ही दोन्ही एकाच चौकटीत घ्यायचे, गोळी झाडायची आणि बटण दबल्यापासून बंदुकीच्या तोंडाशी ठिणगी दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. समजा नेहमीच्या मोडमध्ये ३६ फ्रेम भरल्या, म्हणजे १५० मिलिसेकंद, आणि गेम मोडमध्ये १४, म्हणजे ५८. या आकड्यांत माउस, कॉम्प्युटर आणि गेमचा वेळही मिसळलेला आहे, पण तो दोन्ही वेळी साधारण सारखाच. मधला २२ फ्रेमचा, म्हणजे ९२ मिलिसेकंदांचा फरक टीव्हीचा. एकाच मोजणीवर भिस्त ठेवू नये. पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढावी.

एवढं झाल्यावर उरतो तो रिफ्रेश रेट, आणि इथे मॉनिटर खरोखर पुढे जातो. ६० हर्ट्झवर नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, २४० हर्ट्झवर ४.२ मिलिसेकंदांनी. कोपऱ्यामागून शत्रू निघाला की पुढच्या फ्रेमची सरासरी वाट ८ ऐवजी २ मिलिसेकंद. सहा मिलिसेकंदांची ही बचत माणसाच्या २०० मिलिसेकंदांच्या प्रतिक्रियेपुढे किरकोळ वाटेल, आणि ती आहेही. खरा फायदा धूसरपणा कमी होण्यात आहे. शत्रू सेकंदाला ९६० पिक्सेलच्या वेगाने धावतोय आणि तुमची नजर त्याच्यामागे आहे. ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत जागीच थांबतं आणि नजर मात्र सरकत राहते, त्यामुळे आकृतीच्या कडा सुमारे १६ पिक्सेल फाकलेल्या दिसतात. २४० हर्ट्झवर हा फराटा ४ पिक्सेलचा. लांबवरचं डोकं मुळातच दहा-बारा पिक्सेलचं असेल, तर यावर बरंच काही ठरतं. अर्थात त्यासाठी कॉम्प्युटरलाही तेवढ्या फ्रेम काढता आल्या पाहिजेत.

१२० हर्ट्झचे टीव्ही आता मिळतात आणि गेम मोडमध्ये त्यांचा लॅग पाच-सहा मिलिसेकंदांपर्यंत उतरतो. मात्र जाहिरातीतले 'मोशन रेट २४०'सारखे शब्द पॅनलचा वेग सांगत नाहीत. ती टीव्हीने मध्ये घुसवलेल्या बनावट फ्रेमांची भाषा आहे, आणि गेम मोडमध्ये त्या नकोच असतात. खोक्यावरच्या 'एचडीएमआय २.१' या शिक्क्यानेही हुरळून जाऊ नये. त्या मानकातली बरीच वैशिष्ट्यं ऐच्छिक असल्याने ६० हर्ट्झचा टीव्हीही तो मिरवू शकतो. दुकानात विचारायचा प्रश्न एकच: मूळ पॅनल किती हर्ट्झचं आहे, आणि कुठल्या पोर्टवर 'फोर के' १२० हर्ट्झवर चालतं? मॉनिटरवाल्यांचाही असाच एक चकवा आहे. खोक्यावरचा '१ एमएस' हा पिक्सेलने रंग बदलायचा वेळ, त्याचा इनपुट लॅगशी संबंध नाही.

मग मॉनिटर कोणी घ्यावा? कंट्रोलरवर, सोफ्यावर बसून, ६० फ्रेमलाच बांधलेले गेम खेळणाऱ्याने तरी नाही. 'स्ट्रीट फायटर ६'ची लढत ६० फ्रेमवर चालते. गेम मोडमधला चांगला टीव्ही तिथे अडवत नाही. माउसवाल्याचं वेगळं. निशाणा धरताना तो पडद्याकडे पाहून हात सतत सावरत असतो. चित्र मागे असेल तर हात लक्ष्याच्या पुढे निघून जातो, मग परत आणावा लागतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक रँक लावून खेळायचा असेल, तर त्याने २४-२५ इंची, १४४ हर्ट्झ किंवा त्याहून वेगवान मॉनिटर टेबलावर ठेवावा. ५५ इंची टीव्ही तेवढ्या जवळ घेतला, तर कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवावी लागते. फोनवरचा बीजीएमआय वायफायने टीव्हीवर कास्ट करून त्या चित्राकडे बघत खेळणाऱ्यांना मात्र कुठलाच गेम मोड वाचवणार नाही, कारण कास्टिंगचा उशीर टीव्हीत शिरण्याआधीच लागलेला असतो.

वेगवान पडदा घरी आणल्यावरही एक गोष्ट राहून जाते. विंडोज कित्येकदा त्याला ६० हर्ट्झवरच चालवत राहतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'त जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडावा लागतो. तिथे १४४चा पर्यायच दिसत नसेल, तर पडदा परत करण्याआधी केबल बदलून पाहावी.