दोन्ही बाजू आठ लाख, तरीही हिशोब चुकलेला

कर्जासाठी बँकेने ताळेबंद मागितला की अनेक छोटे दुकानदार लेखनिसाकडून त्याचा फोटो फोनवर मागवतात आणि तसाच पुढे पाठवून देतात. शेवटची बेरीज दोन्हीकडे सारखी दिसली की मनाला तेवढे पुरते. ताळेबंद स्वतःही एक फोटोच असतो: बहुधा 31 मार्चच्या संध्याकाळी दुकानात काय होते आणि त्यावर कोणाचा किती हक्क होता, याचा. वर्षभराची विक्री आणि खर्च त्यात दिसत नाहीत. ते नफा-तोटा पत्रकात असतात.

नमुन्यादाखल एका किराणा दुकानाचा ताळेबंद घेऊ. उजवीकडे मालमत्ता: शिल्लक माल 3,90,000, गिऱ्हाइकांकडची उधारी 1,60,000, फ्रीज, रॅक आणि वजनकाटा मिळून 1,40,000, गाळ्याची अनामत 60,000, बँकेत 35,000 आणि गल्ल्यात 15,000 रुपये. डावीकडे देणी आणि भांडवल: घाऊक व्यापाऱ्यांचे देणे 1,70,000, बँकेचे कर्ज 1,50,000 आणि मालकाचे भांडवल 4,80,000. दोन्ही बेरजा आठ लाख.

पहिला गैरसमज या भांडवलाबद्दलच असतो. मालकाचे स्वतःचे पैसे देण्यांच्या रांगेत का? कारण हिशोबात दुकान वेगळे आणि मालक वेगळा धरतात. व्यापारी आणि बँक यांचे 3,20,000 रुपये चुकते केल्यावर आठ लाखांतून जे उरते, ते दुकान मालकाला देणे लागते. आकडा मोठा दिसला तरी ही रक्कम कुठल्या पेटीत ठेवलेली नसते. ती तांदळाच्या पोत्यांत, फ्रीजमध्ये आणि उधारीच्या वहीत विखुरलेली असते.

‘नफा तीन लाख झाला, मग हातात पन्नास हजारच कसे?’ हा प्रश्नही इथेच सुटतो. वर्षाच्या आरंभी भांडवल 4,20,000 होते. त्यात तीन लाखांचा नफा मिळवला. पण मालकाने घरखर्चासाठी 2,40,000 रुपये उचलले. म्हणजे नफ्यातले केवळ 60,000 दुकानात राहिले आणि भांडवल 4,80,000 झाले. हे 60,000 देखील रोखीतच असतील असे नाही. तेवढा माल जास्त भरला गेला असेल, उधारी वाढली असेल किंवा कर्जाचा हप्ता फेडला असेल.

सगळ्यात महाग पडणारा समज वेगळाच आहे: बाजू जुळल्या म्हणजे हिशोब बरोबर. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत मांडली, आणि ती आजही तशीच चालते. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहिला जातो. हजार रुपयांची साखर अकराशेला रोखीने विकली, तर माल हजाराने घटतो, रोख अकराशेने वाढते आणि उरलेले शंभर भांडवलात जातात. त्यामुळे नोंदी नियमाने झाल्या की बाजू जुळतातच. अडचण न झालेल्या नोंदींची आहे.

आपल्या दुकानात 29 मार्चला 20,000 रुपयांचा तेलाचा माल उधारीवर आला. 31 तारखेला माल मोजताना ते डबे मोजले गेले, पण बिल खिशातच राहिले. मग खरेदी 20,000 ने कमी लागली आणि नफा तेवढाच फुगला. व्यापाऱ्यांचे देणे 1,90,000 हवे होते, ते 1,70,000 दिसले. भांडवल 4,60,000 हवे होते, ते 4,80,000 दिसले. बेरीज मात्र दोन्हीकडे आठ लाखच! चूक कितीही वेळा बेरीज तपासून सापडणार नाही. ती सापडते ती व्यापाऱ्याकडून खातेउतारा मागवून आपल्या वहीशी ताडल्यावर.

उधारीचेही असेच. 1,60,000 पैकी 30,000 बुडाल्याचे दुकानदाराला ठाऊक असते, पण कागदावर ते तसेच राहतात. ते मान्य केले की मालमत्ता 7,70,000 होते आणि भांडवलही 30,000 ने खाली येते. मालाची किंमत विक्रीच्या भावाने धरली तरी न झालेला नफा आधीच भांडवलात शिरतो. म्हणून माल खरेदीच्या किमतीने धरायचा आणि विकून त्याहून कमीच येणार असेल, तर त्या कमी रकमेने.

काही वेळा न जुळलेला फरक उधारीत किंवा भांडवलात गुपचूप ढकलून बाजू जुळवल्या जातात. म्हणून पुढच्या वेळी फोटो आला की मागच्या वर्षीचा ताळेबंदही शेजारी ठेवा. तिथले अखेरचे भांडवल यंदाच्या आरंभीच्या भांडवलाइतके आहे का, ते पाहा. व्यापारी आणि उधारीवाले गिऱ्हाईक यांची नाववार यादी मागा. यादीची बेरीज ताळेबंदातल्या आकड्याशी जुळली नाही, तर सही करण्याआधी लेखनिसाला कारण विचारा.