तीन अंकांचा फसवा स्वल्पविराम
आर्थिक कागदपत्रांचे भाषांतर : भाग ६

मागच्या भागात इटालियन बीजकाचा मथळा, करक्रमांक आणि मालाचे वर्णन इथपर्यंत आपण आलो होतो. आज आकडे. इटलीत हजार वेगळे करायला टिंब वापरतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम, म्हणजे आपल्या नेमके उलट. नियम एका ओळीचा आहे. चिन्हांची अदलाबदल केली की काम झाले, असे तो ऐकणाऱ्याला वाटते. पण हजारपटीच्या चुका हा नियम पाठ असलेल्यांच्या हातूनही होतात, कारण सगळे आकडे सारखे धोक्याचे नसतात.

१२.७६८,०० ही रक्कम कोणाला फसवणार नाही. तिच्यात दोन्ही चिन्हे आहेत आणि शेवटी दोनच अंक आहेत, त्यामुळे कुठले चिन्ह कशासाठी ते ती स्वतःच सांगते. धोका असतो तो एकच चिन्ह आणि त्यानंतर बरोबर तीन अंक असतील तिथे. १.२५० इटलीत साडेबाराशे असते, आपल्याकडे सव्वा. १,२५० इटलीत सव्वा असते, आपल्याकडे साडेबाराशे. दोन्ही लिखाणे दोन्ही देशांत अगदी व्यवस्थित दिसतात, त्यामुळे डोळा अडखळत नाही. रकमांना दोनच दशांश असतात म्हणून त्या बहुधा वाचतात. वजन, लांबी आणि स्वस्त सुट्या भागांचा एकेरी दर यांना मात्र इटालियन विक्रेते तीन दशांश सर्रास लावतात.

एक नमुना बीजक घेऊ. समजा, इटलीतल्या एका यंत्रनिर्मात्याने पुण्याजवळच्या कारखान्याला सुटे भाग पाठवले आहेत. पहिली ओळ रबरी सीलची : नग १.२५०, दर ०,३८५ युरो, रक्कम ४८१,२५. दुसरी खास ग्रीसची : १,२५० किलो, दर ४८,००, रक्कम ६०,००. तिसरी शाफ्टची : नग १२, दर १.१२०,००, सवलत ५ टक्के, रक्कम १२.७६८,००. एकूण १३.३०९,२५. खाली एक टीप आहे की निर्यात असल्यामुळे १९७२च्या ६३३ क्रमांकाच्या मूल्यवर्धित कर आदेशाच्या कलम ८ नुसार कर लागू नाही. एरवी इटलीतला सर्वसाधारण दर २२ टक्के आहे. कराच्या रकान्यात काही नाही म्हणून बीजक अपुरे आहे असे समजू नये.

भाषांतराला हात लावण्याआधी प्रत्येक ओळीचा गुणाकार करून पाहावा, असे मी आग्रहाने सांगते. ग्रीसची ओळ पाहा. १,२५० हे साडेबाराशे धरले तर ४८ ने गुणून साठ हजार येतात, आणि समोर साठ लिहिलेले आहे. म्हणजे तो आकडा सव्वा किलोचा आहे. गुणाकाराने चूक पकडली.

सीलच्या ओळीत मात्र हाच गुणाकार दगा देतो. समजा कोणी १.२५० हे आपल्या सवयीने सव्वा वाचले आणि ०,३८५ मधला स्वल्पविराम हजाराचा समजून दर ३८५ युरो घेतला. सव्वा गुणिले ३८५ किती? ४८१.२५. रक्कम तंतोतंत जुळते! एका आकड्यात हजारपट घट, दुसऱ्यात हजारपट वाढ, आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. उत्तर बरोबर आले म्हणून तपासणारा पुढे जातो, आणि मराठी प्रतीत ३८५ युरोचे सव्वा सील छापले जातात. इथे वाचवते ते एकक. नग अपूर्णांकात नसतात. म्हणून गुणाकार जुळल्यावरही एकक, माल आणि दर यांचा मेळ बसतो का ते पाहायचे. सोबत पॅकिंग लिस्ट असेल तर तिच्यातली नगसंख्या आणि निव्वळ वजन हा आणखी भक्कम पुरावा ठरतो, कारण तिथे तोच माल दुसऱ्या मोजमापाने लिहिलेला असतो.

आता जो नियम आपण पाठ केला, तोच जिथे उलटतो ती जागा. इटलीत खाजगी व्यवहारांसाठीही १ जानेवारी २०१९ पासून इलेक्ट्रॉनिक बीजक सक्तीचे झाले आहे. अस्सल बीजक म्हणजे एक एक्सएमएल फाइल असते आणि ती सरकारी विनिमय यंत्रणेतून जाते. परदेशी ग्राहकाच्या हाती मात्र बहुधा तिची वाचनीय पीडीएफ प्रत येते. त्या प्रतीत इटालियन पद्धतीचे आकडे असतात. मूळ फाइलीत सीलची ओळ अशी दिसते :

```xml
<Quantita>1250.00</Quantita>
<PrezzoUnitario>0.385</PrezzoUnitario>
<PrezzoTotale>481.25</PrezzoTotale>
```

इथे टिंब दशांशाचे आहे, हजारांना चिन्हच नाही, आणि तारीखही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने असते. टॅग इटालियनमध्ये आहेत म्हणून आकडेही इटालियन पद्धतीचे असतील असे धरून चालणारा 0.385 चे ३८५ करून बसेल. इटालियन भाषा आणि इटालियन आकडे नेहमी जोडीने येत नाहीत. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतातले बीजक अस्खलित इटालियनमध्ये असते, पण तिथे फ्रँकमधली रक्कम 1'250.50 अशी, हजाराला वरचा स्वल्पविराम आणि दशांशाला टिंब देऊन लिहिली जाते. म्हणून आधी देश आणि फाइलीचा प्रकार पाहावा, भाषा नंतर.

तारखेबाबत मराठी भाषांतरकार सुदैवी आहे, कारण दिवस-महिना-वर्ष हा क्रम दोन्हीकडे एकच. ०५/०३/२०२४ म्हणजे ५ मार्च. घोळ होतो तो मध्ये अमेरिकी साचा आला की. यावर उपाय म्हणजे भाषांतरात महिन्याचे नाव अक्षरात लिहिणे. तारीख तपासायलाही बीजकातच साधन असते. समजा, आपल्या नमुन्यावर हीच तारीख आहे आणि पैसे देण्याची अट '६० जीजी डी.एफ.एफ.एम.' अशी आहे : बीजकाच्या तारखेपासून ६० दिवस, आणि मग त्या महिन्याची अखेर. ५ मार्चला ६० दिवस मिळवले की ४ मे येते, म्हणजे देय तारीख ३१ मे. बीजकावर 'स्कादेन्त्सा' या शब्दापुढे ३१/०५/२०२४ छापलेले असेल तर बीजक मार्चचेच आहे. ते ३ मेचे धरले असते तर अखेर ३१ जुलैला गेली असती.

ही अट भाषांतरात पूर्ण वाक्यात उलगडून लिहावी, पण बीजकात नसलेली देय तारीख स्वतः काढून घालू नये. ३० जानेवारी २०२५च्या बीजकाला ३० दिवस मोजले तर १ मार्च येतो, म्हणजे अखेर ३१ मार्च. अनेक इटालियन कार्यालये मात्र ३० दिवस म्हणजे एक महिना धरतात, आणि मग अखेर होते २८ फेब्रुवारी. दोघांमध्ये पूर्ण महिन्याचे अंतर पडते. कोणता हिशेब लागू, हे ठरवणे विक्रेता आणि ग्राहक यांचे काम आहे.

वार्षिक अहवालात शिरलो की तीन अंकांची अडचण आणखी वाढते. इटालियन दिवाणी संहितेच्या कलम २४२३ प्रमाणे कंपनीचा वार्षिक हिशेब पूर्ण युरोत, दशांशाविना मांडायचा असतो. म्हणजे ज्या दशांश स्वल्पविरामावरून आपण बीजकात दिशा ओळखत होतो, तो इथे नसतोच. ताळेबंदाच्या रकान्यात ८४०, ३.९१५, १.२५०.४८० असे आकडे सुटे उभे असतात. दोन टिंबे असलेला आकडा आपोआप कळतो, कारण एका संख्येत दोन दशांशचिन्हे असू शकत नाहीत. ३.९१५ सारखा आकडा कळण्यासाठी त्याच रकान्यात असा एक मोठा आकडा शोधावा लागतो. शिवाय त्याच कलमाने स्पष्टीकरणात्मक टिपा हजार युरोत द्यायला परवानगी दिली आहे. त्यामुळे ग्राहकांकडून येणे ताळेबंदात १.२५०.४८० असेल, तर तेच टिपांमध्ये फक्त १.२५० असू शकते. ते साडेबाराशे हजार, म्हणजे साडेबारा लाख युरो. एकक सांगणारी ओळ बऱ्याचदा टिपांच्या सुरुवातीला एकदाच येते. भाषांतरात ती प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर पुन्हा लिहावी असे माझे मत आहे.

तक्त्यातले हजार युरो तसेच ठेवावेत, त्यांचे लाख करू नयेत. लाखात आणताना पूर्णांकन करावे लागते आणि बेरजा बिघडतात. लाख-कोटी वाक्यांत वापरावेत : इटालियन मिलिओने म्हणजे दहा लाख, मिलिआर्दो म्हणजे शंभर कोटी, आणि बिलिओने म्हणजे इंग्रजीतले बिलियन नव्हे, तर एक लाख कोटी. मुळातच एखाद्या बेरजेत एका युरोचा फरक दिसला तर तो दुरुस्त करायचा नाही. पूर्ण युरोत आणताना तो पडतो, आणि भागभांडवलाखालच्या राखीव निधीत काही वेळा 'पूर्णांकनाचा फरक' अशी स्वतंत्र ओळही असते.

शेवटी एक्सेल. भारतीय सेटिंग असलेल्या संगणकावर इटालियन रकाना चिकटवला की 1.250,00 हा मजकूर म्हणून डावीकडे राहतो, पण 1.250 मुकाट्याने 1.25 होऊन उजवीकडे सरकतो. एकाच रकान्यात काही आकडे डावीकडे आणि काही उजवीकडे दिसले की थांबावे. चिकटवण्याआधी रकान्याचे स्वरूप मजकूर असे करावे आणि मग शेजारी हे सूत्र द्यावे :

```
=NUMBERVALUE(A2,",",".")
```

यात पहिले चिन्ह दशांशाचे, दुसरे हजाराचे. क्रम महत्त्वाचा आहे. आकडा आधीच 1.25 झालेला असेल तर हेच सूत्र टिंब गाळून 125 देईल, म्हणजे ना सव्वा, ना साडेबाराशे. अशा वेळी मूळ प्रतीवरून पुन्हा सुरुवात करावी.

एवढे करूनही एखादा आकडा दोन्ही अर्थांनी बसत असेल, तर अंदाजाने चिन्ह बदलू नका. ओळ क्रमांक देऊन ग्राहकाला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत ती ओळ कोरी ठेवा.