सप्टेंबरचं पान: घरातल्या यादीवरून भिंतीवरचं कॅलेंडर कसं मांडायचं

आमच्या भांडुपच्या घरात दर महिन्याच्या शेवटी एक कागद फ्रीजवर चिकटवलेला असतो. ज्याला जे आठवेल ते त्यानं त्यावर लिहायचं. महिना संपत आला की त्या यादीवरून आम्ही पुढच्या महिन्याचं मोठं पान हातानं मांडतो आणि हॉलच्या भिंतीवर लावतो. छापील कॅलेंडर असतंच, पण त्याच्या चौकटीत तिथी, नक्षत्र, सणवार एवढे भरलेले असतात की आपल्या घरचं काही लिहायला बोटभर जागा उरत नाही.

बरेच जण विचारतात म्हणून ही रीत सांगतो. उदाहरण सप्टेंबर २०२५ चं घेतो, कारण त्या महिन्यानं आमची चांगलीच परीक्षा घेतली. ३१ ऑगस्टला, रविवारी, फ्रीजवरचा कागद काढला तेव्हा त्यावर हे होतं:

ईद-ए-मिलाद, सुट्टी – ५
शिक्षक दिन – ५
अनंत चतुर्दशी – ६
दादींची बरसी – २० रबीउल अव्वल
मामूंच्या मुलीचा निकाह, मुंब्रा – दुसरा रविवार
गावाहून चाचा-चाची – १२ ते १५
शाळेत चाचणी परीक्षा – १५ ते १८
घटस्थापना – २२

नीट पाहिलं तर या आठ ओळींत तारीख सांगायच्या चार वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. काहींची तारीख सरळ आहे. एक ओळ चांदच्या तारखेनं आहे, एक वारानं, आणि दोन ओळी अनेक दिवसांच्या आहेत. यादीवरून थेट चौकटीत उतरवायला गेलं की गडबड होते ती इथेच. म्हणून पहिलं काम पट्टी-पेन्सिल घेऊन बसायचं नाही. आधी प्रत्येक ओळीपुढे इंग्रजी महिन्याची तारीख आणि वार लिहायचा.

बरसीचा हिशेब असा. २०२५ साली आपल्याकडे रबीउल अव्वलची पहिली २५ ऑगस्टला झाली. विसावी म्हणजे त्यानंतर एकोणीस दिवस. ऑगस्टचे सहा दिवस (२६ ते ३१) गेले, उरले तेरा. म्हणजे १३ सप्टेंबर, शनिवार. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरून तारीख उतरवायची नाही, कारण चांदचं वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं आणि बरसी दर वर्षी तेवढी मागे येते. आमच्याकडे एकदा अशीच जुनी तारीख उतरवली गेली होती आणि खतम झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं.

आता चौकटी. १ सप्टेंबर २०२५ ला सोमवार होता. आठवडा रविवारपासून धरला तर पहिल्या ओळीत रविवारची एक चौकट रिकामी, मग १ ते ६. पुढे ७ ते १३, १४ ते २०, २१ ते २७ आणि शेवटच्या ओळीत २८, २९, ३०. पाच ओळी, सात रकाने, पस्तीस चौकटी. तारखांच्या तीस, आधीची रिकामी एक, नंतरच्या रिकाम्या चार, बेरीज पस्तीस. ही बेरीज जुळली नाही तर कुठेतरी एखादी तारीख गाळली किंवा दोनदा लिहिली असं समजावं. दुसरी खूण म्हणजे १, ८, १५, २२, २९ या तारखा एकाखाली एक आल्याच पाहिजेत.

कागद आम्ही ए-थ्री आडवा घेतो, झेरॉक्सच्या दुकानात सुटा मिळतो. रुंदी ४२ सेंटिमीटर. साडेपाच सेंटिमीटरचे सात रकाने केले की साडेअडतीस होतात आणि दोन्ही कडांना पावणेदोन-पावणेदोन उरतात. उंची २९.७. वर चार सेंटिमीटर महिन्याच्या नावाला आणि खिळ्याच्या भोकाला, एक सेंटिमीटर वारांच्या नावांना, मग साडेचार-साडेचारच्या पाच ओळी. खाली दोन सेंटिमीटरची पट्टी उरते, ती मोकळीच ठेवायची, ती कशाला ते पुढे येईल. ज्या महिन्याला सहा ओळी लागतात त्यात ओळ पावणेचारची करायची. छापील कॅलेंडरवाले जागा वाचवायला ३० आणि ३१ उचलून महिन्याच्या सुरुवातीच्या रिकाम्या चौकटीत टाकतात, पण घरच्या पानावर ते करू नये. मार्च २०२५ मध्ये ३० ला गुढीपाडवा आणि ३१ ला ईद होती. असे दिवस एक तारखेच्या शेजारी बसले तर वाचणारा फसणारच.

चौकटीत जागेची वाटणी ठरलेली हवी. डाव्या वरच्या कोपऱ्यात तारीख मोठी, उजव्या वरच्या कोपऱ्यात चांदची तारीख बारीक. १ सप्टेंबरला ८ रबीउल अव्वल, ५ ला १२, असं लिहीत जायचं. पण २२ सप्टेंबरला २९ येते आणि तिथे पेन खाली ठेवायचं. २३ ला तिसावी की पुढच्या महिन्याची पहिली, हे २२ च्या संध्याकाळी चांद दिसतो की नाही त्यावर ठरणार. तिथून पुढचे कोपरे पेन्सिलनं. त्या कोपऱ्यांत आम्ही शाईनं काही लिहीतच नाही.

चौकटीच्या खालच्या भागात संध्याकाळचं लिहायचं. आपला दिवस मगरिबला बदलतो, त्यामुळे बारावीची रात्र ही ४ सप्टेंबरची संध्याकाळ. ५ च्या चौकटीत 'रात्री मीलादची मजलिस' असं लिहिलं की घरातली अर्धी माणसं ५ ला रात्री तयार होऊन बसणार. आम्ही ते ४ च्या चौकटीत अगदी तळाला लिहितो, ५ कडे छोटा बाण काढून.

त्याच रात्री, म्हणजे ३१ ऑगस्टला, आम्ही रेषा आखत असतानाच फोन आला. भाचा झाला. इशाच्या नंतरची वेळ होती. यादीत नववी ओळ वाढली, अकीका, सातवा दिवस. घरात लगेच दोन हिशेब सुरू झाले. दवाखान्याच्या कागदावर तारीख ३१, वार रविवार, म्हणून कोणी बोटं मोजून शनिवार ६ सांगितला. पण जन्म मगरिबनंतरचा, म्हणजे आपल्या हिशेबानं सोमवार लागलेला. सोमवार पहिला धरला तर सातवा रविवार, ७ तारीख. एका दिवसाचाच फरक, पण ६ ला अनंत चतुर्दशी. त्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुकांनी एल.बी.एस. रोड दुपारपासून भरून जातो. सोनापूरहून पाहुणे निघणार कसे आणि देगची गाडी पोहोचणार कशी? सणांची यादी घरच्या यादीशेजारी ठेवायची ती यासाठी. तो सण आपल्या घरात नसला तरी रस्ता आपलाच असतो.

निकाहच्या ओळीत वेगळाच घोटाळा निघाला. 'दुसरा रविवार' म्हणून मुलीनं दुसऱ्या ओळीतला रविवार धरला आणि ७ मध्ये लिहिलं. पहिल्या ओळीतला रविवार मुळात रिकामा होता, तेव्हा ७ हा पहिला रविवार आणि दुसरा १४. त्याच चौकटीत अकीका आल्यामुळे लगेच कळलं. अकीका नसता तर आम्ही आठवडाभर आधी मुंब्र्याला जाऊन उभे राहिलो असतो. वारानं सांगितलेली गोष्ट चौकटींवरून मोजायची नाही, तारखांवरून मोजायची. पहिला रविवार १ ते ७ मध्येच पडतो, दुसरा ८ ते १४ मध्ये, कोणताही महिना असो.

अनेक दिवसांच्या ओळींना रंगीत पट्टी काढायची, चौकटीच्या मध्यातून. चाचा-चाचींची पट्टी १२ ला सुरू होऊन १३ च्या कडेला संपते आणि खालच्या ओळीत १४ पासून पुन्हा सुरू होते. दोन्ही टोकांना बाण काढला नाही तर पाहुणे शनिवारी परत गेले असं वाटतं. चाचणी परीक्षेची पट्टी १५ ते १८, एकाच ओळीत, सरळ. १५ ला दोन्ही पट्ट्या येतात म्हणून एक वर, एक खाली.

राहिली ईद. यादीत 'ईद-ए-मिलाद, सुट्टी – ५' अशी एकच ओळ होती आणि आम्ही ती तशीच, हिरव्या मार्करनं, ५ च्या चौकटीत लिहून टाकली. शुक्रवार, जुमा, सुट्टी, म्हणून त्याच दुपारी घरी नियाज ठेवली आणि मुंब्र्याच्या फुफींना निरोप गेला. मग ३ सप्टेंबरला सरकारचं परिपत्रक आलं. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत सुट्टी ५ ऐवजी सोमवार ८ ला, कारण अनंत चतुर्दशी ६ ला असल्यानं जुलूस ८ ला काढायचं ठरलं होतं. बाकी जिल्ह्यांत सुट्टी ५ लाच. भांडुप उपनगर जिल्ह्यात, मुंब्रा ठाणे जिल्ह्यात. म्हणजे फुफींच्या घरी सुट्टी आणि आमच्याकडे शाळा भरलेली, वर शिक्षक दिन! नियाज संध्याकाळवर ढकलावी लागली, आणि हिरवा मार्कर काही पुसला जाईना.

खरं तर हे आम्हाला सुचायला हवं होतं. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरलाच आल्या होत्या आणि जुलूस आणि सुट्टी २९ ला गेली. २०२४ मध्ये ईद १६ ला, विसर्जन १७ ला, मुंबईतली सुट्टी १८ ला. सलग तिसरं वर्ष होतं.

तेव्हापासून आम्ही अशा सणाच्या एका ओळीच्या तीन ओळी करतो: दिन, जुलूस, सुट्टी. बारावी ५ लाच, ती कोणत्याही परिपत्रकानं हलत नाही, ती पेननं. जुलूस आणि सुट्टी पेन्सिलनं, आणि सुट्टीपुढे जिल्हा लिहायचा. खालची दोन सेंटिमीटरची पट्टी याचसाठी ठेवलेली असते. तिथे 'पक्कं व्हायचं' असं लिहून पेन्सिलच्या नोंदी पुन्हा एकदा मांडतो. नक्की झालं की चौकटीत पेन फिरवायचं आणि पट्टीतून खोडायचं.

कॉम्प्युटरवर करायचं असेल तर गूगल शीट किंवा एक्सेलमध्ये पहिल्या ओळीतल्या रविवारच्या चौकटीत, समजा A3 मध्ये, हे लिहा:

```
=DATE(2025,9,1)-WEEKDAY(DATE(2025,9,1))+1
```

त्यातून ३१ ऑगस्ट मिळतो. शेजारच्या चौकटीत `=A3+1`, आणि ते उजवीकडे शनिवारपर्यंत ओढत न्या. पुढच्या आठवड्याच्या रविवारी `=A3+7`. महिना बदलताना फक्त पहिलं सूत्र बदलायचं. रकाने चुकत नाहीत, हा मोठा फायदा. चांदची तारीख मात्र हातानंच भरावी, सूत्राला भांडुपचा चांद दिसत नाही.

भिंतीवर लावण्याआधी शेवटची तपासणी दोघांनी करायची. एकानं यादीतली ओळ वाचायची, दुसऱ्यानं पानावर बोट ठेवून तारीख आणि वार दोन्ही सांगायचे, मग यादीत बरोबरची खूण. फक्त तारीख सांगून चालत नाही, वार बोलला की चूक कानाला लगेच लागते. यादीचा कागद फेकायचा नाही, पानाच्या मागे टाचणीनं लावून ठेवायचा. बरसी, वाढदिवस वगैरे पुढच्या वर्षी पुन्हा लागतात आणि बरसीची चांदची तारीख त्या कागदावरच लिहिलेली असते.