शिंदे मॅडम सोमवारी येताहेत

समजा, तालुक्याच्या टपाल कार्यालयात बचत बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या शिंदे मॅडम पाच महिन्यांच्या वैद्यकीय रजेनंतर सोमवारी रुजू होणार आहेत. पोस्टमास्तरांनी शुक्रवारी दुपारी तसं सांगितलं आणि चहाच्या वेळेपर्यंत एका सहकाऱ्याने मोबाइलवर निरोप लिहूनही काढला:

‘वेलकम बॅक मॅडम! नक्की काय झालं होतं हो? आम्हाला कुणी काहीच सांगितलं नाही. आता पूर्ण बऱ्या झालात ना? फार टेन्शन घेत जाऊ नका. काही लागलं तर हक्काने सांगा.’

लिहिणारा माणूस मनाने चांगला आहे, यात शंका नाही. आपल्याकडे आजारी माणसाची चौकशी केली नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, ‘साधं विचारलंसुद्धा नाही!’ म्हणून आपण विचारतो, आणि माया दाखवायची म्हणजे प्रश्न विचारायचा, अशी सवयच होऊन जाते. पण हा निरोप मॅडमच्या बाजूने वाचून बघा.

‘नक्की काय झालं होतं’ याला उत्तर दिलं तर आजार जाहीर होतो आणि टाळलं तर ‘काहीतरी लपवतायत’ अशी कुजबुज सुरू होते. पाच महिन्यांची रजा कर्करोगाच्या उपचारांसाठी असू शकते, तशीच नैराश्यासाठी, क्षयासाठी किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीसाठीही. यातलं काय कोणाला सांगायचं हे मॅडमनी घरी कधीच ठरवलं असेल, किंवा अजून ठरलंही नसेल. ‘पूर्ण बऱ्या झालात ना?’ हा प्रश्न तर आणखी अवघड. गोळ्या चालू असतात, दर महिन्याला तपासणी असते, दुखणं परत उलटण्याची धास्ती असते. अशा माणसाला ‘हो’ म्हणताना खोटं बोलावं लागतं आणि ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असतो. ‘टेन्शन घेत जाऊ नका’ यात आजाराचं कारण तुम्हीच ठरवून टाकलंत, आणि तेही त्यांच्या माथी मारून. शेवटचं ‘काही लागलं तर सांगा’ ऐकायला गोड आहे, पण त्यात काय मागायचं, कोणाकडे आणि कधी, हे सगळं शोधायचं काम त्यांच्याचकडे राहतं.

इथे सरकारी कागद कसे चालतात ते पाहण्यासारखं आहे. टपाल खात्यातले नियमित कर्मचारी केंद्र सरकारच्या 1972 च्या रजा नियमांखाली येतात. रजेवर जाताना जोडायच्या वैद्यकीय दाखल्याच्या नमुन्यात आजार लिहायला जागा असते. परत येताना मात्र फिटनेस दाखला लागतो आणि त्याच्या नमुन्यात डॉक्टर थोडक्यात एवढंच लिहितात की कर्मचारी आजारातून बरा झाला असून कामावर रुजू होण्यास योग्य आहे. आजाराचं नाव तिथे मागितलेलंच नाही. मॅडमना काउंटरवर बसवायला खुद्द सरकारला याहून जास्त काही लागत नाही. मग शेजारच्या टेबलाला का लागावं?

बातमी फुटते ती बहुतेक वेळा पहिल्या दाखल्यावरून. ज्याच्या टेबलावरून रजेची फाइल जाते, त्याने दाखल्यावरचं नाव वाचलेलं असतं आणि ते तो ‘तुमच्यापाशीच ठेवा’ म्हणून दोघांना सांगतो. तुम्ही त्या दोघांपैकी असाल तर निरोपात ते डोकावू देऊ नका. ‘तुम्ही फायटर आहात’, ‘केस काय, पुन्हा येतील’ अशी वाक्यं धीर देण्यासाठी लिहिलेली असतात, पण मॅडमना त्यातून एकच गोष्ट कळते की आपली फाइल फिरलेली आहे.

आता तोच निरोप पुन्हा लिहू. प्रश्नचिन्ह एकही ठेवायचं नाही. आजार, शरीर, वजन, रंग, डॉक्टर, देव यांतलं काहीही आणायचं नाही. मायेसाठी मग जागा कुठे राहिली, असं वाटेल; ती कामाच्या बारीकसारीक गोष्टींत राहते.

‘शिंदे मॅडम, सोमवारी तुम्ही येताय हे कळलं, फार बरं वाटलं. तुमची खुर्ची पूर्वीच्याच काउंटरवर आहे. पहिला आठवडा सुकन्या समृद्धीची नवीन खाती मी बघतो, पोस्टमास्तरसाहेबांशी बोलणं झालंय. एजंटांची गर्दी साडेअकरानंतर होते, त्याआधी पासवर्डचं वगैरे काम उरकून घेऊ. डबा नेहमीसारखा दीडला. उत्तर पाठवायची गरज नाही, सोमवारी भेटूच.’

यात आजाराबद्दल एक अक्षर नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की कोणीतरी आपला विचार करून ठेवला आहे. लांब रजेवरून परतणाऱ्याला साध्याच गोष्टींची धाकधूक असते. आपली जागा दुसऱ्याला दिली असेल का, कॉम्प्युटरचा पासवर्ड चालेल का, पहिल्याच दिवशी रांग अंगावर येईल का, डबा खायला कोणासोबत बसायचं. ‘मी बघतो’ लिहिण्याआधी साहेबांशी खरंच बोललेलं असलं पाहिजे, नाहीतर सोमवारी पहिल्या तासातच निरोप पोकळ ठरतो. आणि मदतीला मुदत घातलेली बरी. ‘पहिला आठवडा’ म्हटलं की ती सोय वाटते. मुदत नसली तर आपल्याकडून काम काढून घेतलं, असा अर्थ निघू शकतो.

‘तुमच्याशिवाय सगळं अडलं होतं’ असंही लिहू नये आणि ‘काही अडलं नाही, तुम्ही निश्चिंत असा’ असंही नाही. पहिल्याने अपराधी वाटतं, दुसऱ्याने नकोसं.

निरोप खासगी पाठवावा. ग्रुपवर एकाने फुलांचं चित्र टाकलं की पंचवीस जण टाकतात, प्रत्येकाला हात जोडत बसावं लागतं, आणि त्यात कोणीतरी ‘काय झालं होतं?’ विचारतोच. ग्रुपवर काही घालायचंच असेल तर पोस्टमास्तरांनी एक ओळ घालावी: ‘शिंदे मॅडम सोमवारपासून रुजू होत आहेत, स्वागत.’ साहेबांचा शब्द वजनदार असल्याने त्यांच्या प्रश्नाला नाही म्हणणं सर्वांत कठीण, म्हणून त्यांनी तर तब्येतीबद्दल फक्त कामापुरतं बोलावं, तेही समोरासमोर, दार लावून: ‘कामात काही बदल हवा असेल तर सांगा, कारण सांगायची गरज नाही.’

मॅडम स्वतःहून बोलल्या तर अर्थातच ऐकावं. दुपारी डबा उघडताना त्या म्हणाल्या, ‘फार वाईट गेले हो हे महिने,’ तर ‘वाईटच गेले असणार’ एवढं पुरतं. पुढे सांगायचं की नाही हे त्यांच्याकडे राहतं. आपल्या आत्याचं असंच कसं झालं होतं, हे त्या वेळी नाही सांगितलं तरी चालतं. आणि काउंटरपलीकडून एखाद्या एजंटाने ‘मॅडमना काय झालं होतं हो?’ विचारलं, तर ‘रजेवर होत्या, आता आल्यात’ म्हणून त्याचं पासबुक हातात घ्यावं.

पहिल्या दिवशी सगळेच गोड असतात. खरी दमछाक बहुधा नंतर सुरू होते, जेव्हा काम पूर्ववत झालेलं असतं आणि ‘आता काय, बऱ्या झाल्या’ म्हणून लोक विसरलेले असतात. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात आणखी एक ओळ पाठवा: ‘उद्या महिनाअखेरचा हिशेब आहे, अर्धा मी करतो.’ आणि पहिला निरोप रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या आधी पाठवा. रात्री अकराला पाठवलात तर झोपायच्या वेळी त्यांच्या डोक्यात ऑफिस सुरू होईल.