‘जास्त वाटतंय’ला उत्तर देताना

घर रंगवण्याचा अंदाज व्हॉट्सअॅपवर पाठवला की पाच मिनिटांत उलट निरोप येतो: “जास्त वाटतंय, कमी करा.” इतक्या लवकर आलेली हरकत बहुधा फक्त शेवटच्या आकड्यावर असते, त्या पैशांत काय काम होणार, हे ग्राहकाने अजून नीट वाचलेलेही नसते. अशा वेळी ठेकेदाराने लगेच दर उतरवला, तर पहिला दर फुगवलेलाच होता असा अर्थ निघतो आणि पुढची घासाघीस नव्या आकड्यापासून सुरू होते.

समजा, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भिंती आणि छत मिळून 2,500 चौरस फूट रंगवायचे आहेत. 22 रुपये दराने अंदाज झाला 55,000. साहित्य आणि मजुरी 46,000 जाऊन ठेकेदाराच्या हाती 9,000 उरतात. दहा टक्के सूट म्हणजे 5,500. ग्राहकाला ती किरकोळ वाटते, पण ठेकेदाराची निम्म्याहून जास्त कमाई तिच्यात जाते.

म्हणून पहिल्या उत्तरात दराचे समर्थन करत बसू नये आणि सूटही देऊ नये. जास्त म्हणजे कशाच्या मानाने, एवढेच विचारावे. “ताई, समजलं. दुसरा कुणाचा दर आलाय का, की मनात काही रक्कम ठरवली आहे? त्याप्रमाणे काय करता येईल ते सांगतो.” एवढे पुरते. इथे लांबलचक खुलासा पाठवला की तो सफाईसारखा वाटतो.

दुसऱ्याने 40,000 सांगितले असे कळले, तर त्याला नावे ठेवू नयेत. त्या दरात जुना रंग घासणे, सगळ्या भिंतींना पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात धरले आहेत का, हे ताईंना विचारून घ्यायला सांगावे. पुष्कळदा स्वस्त अंदाजात पुट्टी फक्त भेगांपुरती असते. फरक तिथेच असतो आणि तो ग्राहकाने स्वतः विचारून काढला की पटतो.

खरोखर पैसेच कमी असतील, तर दर तोच ठेवून काम कमी करावे. बेडरूमच्या 900 चौरस फूट भिंती चांगल्या असतील, तर तिथली पूर्ण पुट्टी वगळता येते. फुटामागे 6 रुपये धरले तर 5,400 वाचतात आणि अंदाज 49,600 वर येतो. ओल असलेल्या भिंतीचे काम मात्र असे वगळू नये, कारण तिथला रंग पुढच्या पावसाळ्यात फुगून सुटतो आणि तक्रार ठेकेदाराकडेच येते.

पुढचा निरोप पुट्टीबद्दल किंवा रंगाच्या प्रकाराबद्दल आला, तर बोलणे कामावर आले असे समजावे. नुसतेच “शेवटचं किती?” आले, तर थोडी सूट द्यायला हरकत नाही; पण तिच्या बदल्यात काही मागावे, जसे की काम नसलेल्या दिवसांतली तारीख किंवा साहित्याचे पैसे आधी. ग्राहकाची रक्कम 25,000 च असेल, तर एवढ्यात हे काम बसत नाही असे त्याच दिवशी कळवावे, म्हणजे त्यांना दुसरा माणूस शोधायला वेळ मिळतो.