एका शॉटमध्ये मावळतो दिवस

शाळेच्या ओसाड मैदानात दुपारचे ऊन पडले आहे. पाहता पाहता सावल्या लांबतात, भिंती केशरी होतात, सूर्य मावळतो आणि निळसर अंधारात दिवा उजळून दिसू लागतो. लेखी वर्णनावरून चलतचित्र तयार करणाऱ्या संगणकीय साधनाकडून असे आठ सेकंदांचे दृश्य हवे असेल, तर सूचना कशी लिहावी?

‘दुपारची संध्याकाळ होते’ एवढेच लिहिले, तर बहुधा निराशा पदरी येते. कधी सबंध दृश्यभर एकच केशरी उजेड राहतो, तर कधी मध्येच कोणी बटण दाबावे तसा दिवस विझतो. कधी आकाश काळोखते, पण जमिनीवर ऊन तसेच राहते. असे का होते?

यांपैकी बहुतेक साधने आरंभी सगळ्या चौकटी अर्थहीन ठिपक्यांनी भरतात आणि त्यांतून पायरीपायरीने चित्र स्वच्छ करत जातात. तुमची सूचना या काळात सगळ्याच चौकटींवर एकदम काम करते. म्हणजे ‘दुपार’ आणि ‘संध्याकाळ’ हे दोन्ही शब्द प्रत्येक चौकटीला आपापल्या बाजूस ओढतात. शिवाय साधन ज्या छोट्या चित्रफितींवरून शिकते, त्यांतील बहुतेकींत उजेड बदलतच नाही. पाच-दहा सेकंदांत तो बदलणार तरी कसा? म्हणून वेळेचे नाव देण्याऐवजी डोळ्यांना दिसणारा बदल क्रमाने सांगावा लागतो.

आता एक उदाहरण घेऊ. मैदानात 3 मीटर उंचीचा खांब आहे. सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असताना त्याची सावली 5.2 मीटर पडते. सूर्य 10 अंशांवर आला की तीच 17 मीटर होते. कॅमेऱ्याचे तोंड दक्षिणेकडे असेल, तर पश्चिम उजवीकडे येते आणि सावली डावीकडे पडते. हे अंश व मीटर मात्र सूचनेत लिहून उपयोग नाही, कारण साधन सूर्याचे गणित करत नाही. ते आकडे आपल्यासाठी आहेत. खांबापासून 5 मीटरवर दगडी बाक आणि 17 मीटरवर कडुनिंब आहे असे कल्पिले, म्हणजे सूचना अशी होते:

‘स्थिर कॅमेरा, एकच सलग शॉट, टाइम-लॅप्स. निर्मनुष्य मैदान. सूर्य उजवीकडे, चौकटीबाहेर. खांबाची सावली डावीकडे बाकापर्यंत, ती हळूहळू लांबत कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत जाते. ऊन पांढऱ्याचे पिवळे, मग केशरी होते. सूर्य मावळताच सावल्या विरतात, आकाश निळसर गडद होते. व्हरांड्यातील दिवा आरंभापासून लागलेला आहे. उन्हात तो फिका, अंधार वाढताना स्पष्ट दिसतो.’

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली म्हणजे निर्मनुष्य मैदान. महाराष्ट्रात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य 30 अंशांवरून क्षितिजाखाली 6 अंशांपर्यंत जायला सुमारे अडीच तास लागतात. ते आठ सेकंदांत बसवायचे, आणि सेकंदाला 24 चौकटी धरल्या, तर लगतच्या दोन चौकटींत पाऊण मिनिटाहून अधिक अंतर पडते. त्यात सावकाश चालणारा मुलगा घातला, की एका दृश्यात दोन घड्याळे चालू लागतात आणि साधन बहुधा मुलाचे घड्याळ पाळते. दुसरी गोष्ट दिव्याची. निरभ्र आकाश असताना सूर्यास्तापासून सूर्य 6 अंश खाली जाईपर्यंत उजेड सुमारे शंभरपटीने घटतो. दिवा तितकाच राहतो, भोवताल मंदावतो. ‘मग दिवा लागतो’ असे लिहिले, तर आपणच धक्का मागून घेतो.

काही साधनांना पहिली आणि शेवटची चौकट चित्ररूपाने देता येते. तेव्हा शेवटचे चित्र नव्याने काढू नये. पहिल्याच चित्रात केवळ उजेड, सावल्या व आकाश बदलावे. खिडकी किंवा फांदी जरा सरकली, तरी मधल्या चौकटींत ती वितळल्यासारखी दिसते.

दृश्य तयार झाल्यावर दर सेकंदाची एक अशा चौकटी थांबवून ओळीने मांडा. सावली सतत डावीकडेच आणि लांबतच जाते ना? सूर्यास्तानंतर एखादी धारदार सावली उरली आहे का? शेजारच्या दोन चित्रांत भिंतीचा उजेड एकदम पडलेला दिसला, तर उडी तेथेच आहे. अशा वेळी विशेषणे वाढवू नका, पल्ला कमी करा. आधी दुपार ते सूर्यास्त एवढेच मागा, आणि त्याची शेवटची चौकट पुढच्या तुकड्याची पहिली चौकट म्हणून द्या. या सांध्यावर उजेड जुळतो, पण ढगांची गती बदलू शकते, तेव्हा तीही तपासा.

संध्याकाळी चारपासून दर पंधरा मिनिटांनी अंगणातील एखाद्या काठीची सावली खडूने आखून पाहा. ती कोठून कोठे जाते हे कागदावर उतरले, की सूचनेतील निम्मी वाक्ये तयार झालीच.