चिनी करारातील दंड आणि डिलिव्हरी: भाषांतर कुठे चुकते?

दोन 'तिंगचिन'. चिनी करारात आगाऊ रकमेसाठी एकाच उच्चाराचे दोन शब्द येतात. पहिल्या अक्षराच्या डोक्यावर छपरासारखी खूण असेल तर ती हमीची रक्कम. पुरवठादाराने करार मोडला तर ती दुप्पट परत मिळते, खरेदीदाराने मोडला तर बुडते. डावीकडे 'वाणी'ची खूण असेल तर ती साधी उचल, तिला दुपटीचा नियम नाही. दोन्हींचे 'अ‍ॅडव्हान्स' असे भाषांतर केले की हा फरकच पुसला जातो.

मर्यादा. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या चिनी नागरी संहितेनुसार हमी ही कराराच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंतच. उमरोळीच्या आयातदाराने १,००,००० युआनच्या यंत्रासाठी ३०,००० हमी दिली आणि यंत्र आलेच नाही, तर २०,००० ची दुप्पट ४०,००० आणि वरचे १०,००० जसेच्या तसे, असे ५०,००० मागता येतात. करारात विलंबदंडासारखी ठरलेली भरपाईही असेल तर दोन्हींपैकी एकच निवडावे लागते.

दंडाचा दर. उशिराच्या दर दिवसाला 'दहा हजारांत पाच' म्हणजे रोज ०.०५ टक्के. वरच्या करारात दहा दिवसांचे ५०० युआन. तो 'हजारात पाच' वाचला तर आकडा ५,००० होतो.

'डिलिव्हरी' कधी? 'एफओबी निंगबो' असेल तर निंगबोत माल जहाजावर चढला की डिलिव्हरी पूर्ण. न्हावा शेवापर्यंतच्या प्रवासातील उशिरावर हा दंड लागत नाही. मराठी मसुद्यात 'माल पोहोचणे' न लिहिता 'जहाजावर चढवणे' लिहावे.